सात महिन्यांचं वाक्य

गल्लीतली पोरं तिला ढगबाई म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. टेकडीवरच्या लहानशा हवामान केंद्रावर तिने एकतीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ नोंदी घेतल्या होत्या. झडपांची पांढरी पेटी उघडायची, तापमापक वाचायचे, पाऊस मोजायचा आणि मग मान वर करून आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी व्यापलेत ते वहीत लिहायचं, आणि जमेल तेव्हा त्या ढगांचं रेखाचित्रही काढायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी चहाचा कप हातात घेऊन ती गच्चीत उभी राहिली की मनातल्या मनात आठ भाग पडायचेच. मग चहा निवून जाई.

गावातल्या वाचनालयाने ‘आकाश पाहणारी माणसं’ असा एक कार्यक्रम ठरवला आणि तिलाही बोलायला बोलावलं. परिचय मागितला, तर तिने शंभरेक शब्दांचा पाठवला. दोन दिवसांनी संयोजिकेचं ईमेल आलं. मुलगी गोड बोलणारी होती. पत्रिकेच्या एका पानावर आठ वक्ते बसवायचे आहेत, म्हणून परिचय एका ओळीत हवा, आणि सोयीसाठी ती ओळ तिने स्वतःच करून पाठवली होती: ‘निवृत्त हवामान निरीक्षक, एकतीस वर्षांचा अनुभव.’

ओळीत चूक काहीच नव्हती. तरी ती वाचताना तिला कसंसंच झालं. एकतीस वर्षांतले सात महिने तिचे नव्हतेच. फुफ्फुसांच्या आजाराने ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा केंद्र बंद पडायची वेळ आली होती. नणंद तेव्हा माहेरी आली होती. वहिनीच्या उशाशी बसून ती सगळं शिकली, वरच्या साहेबांची लेखी परवानगी आणली आणि सात महिने दोन्ही वेळा टेकडी चढली. एकही नोंद चुकली नाही. वहीत तिचं अक्षर होतं, बारीक, डावीकडे कललेलं. त्या अक्षराबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

नणंद आता याच घरात राहायची. तिला विचारलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, “माझं लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतेस, वहिनी? दे ना एक ओळ.”

ढगबाई संगणकापाशी जाऊन बसली. दुपारभर खिडकीतून पांढरे पुंजके सरकत राहिले, तिची बोटं कीबोर्डवर थांबत राहिली, आणि शेवटी तिने उत्तर लिहिलं.

‘तुमचं ईमेल मिळालं. आठ जणांना एका पानात बसवणं किती अवघड आहे हे समजतं, आणि तुम्ही माझ्यासाठी ओळ लिहिण्याचे कष्ट घेतलेत त्याबद्दल आभार. पण एका ओळीला मला नम्रपणे नाही म्हणावं लागतंय. त्या ओळीत माझ्या नणंदेला जागा उरत नाही, आणि तिच्याशिवाय एकतीस वर्षं भरत नाहीत. म्हणून मीच परिचय तीन वाक्यांवर आणला आहे: टेकडीवरच्या केंद्रात एकतीस वर्षं रोज दोनदा हवामानाच्या नोंदी. त्यातले सात महिने, आजारपणात, या नोंदी नणंदेने घेतल्या. ढगांची तीन हजार रेखाचित्रं. हेही बसत नसेल, तर पत्रिकेत नुसतं नाव आणि विषय छापा, आणि ही वाक्यं सूत्रसंचालकांना वाचायला द्या. मी घड्याळ लावून वाचून पाहिलं, पंधरा सेकंद लागतात. यातलं जे सोयीचं असेल ते कळवा.’

पाठवल्यावर तिने ते पुन्हा एकदा वाचून पाहिलं. उगाच आढेवेढे घेतले असं तर त्या मुलीला वाटणार नाही?

संध्याकाळी उत्तर आलं. पत्रिकेत नुसतं नाव जाईल, वाक्यं व्यासपीठावरून वाचली जातील. खाली मुलीने लिहिलं होतं, ‘नणंदबाई येणार असतील तर पुढच्या रांगेत खुर्ची ठेवते.’

कार्यक्रमाला दोघी गेल्या. मधलं वाक्य वाचलं गेलं तेव्हा नणंद मांडीवरच्या पिशवीचा बंद सारखा करत राहिली. टाळ्या बेताच्याच पडल्या. ढगबाई पुढे कशी बोलली हे तिला स्वतःलाही धड आठवत नाही. काहीतरी मऊ, पांढरं तिच्या आजूबाजूने वाहत होतं, एवढंच.

नंतर दारापाशी एका शाळामास्तरांनी नणंदेला गाठलं आणि त्या सात महिन्यांबद्दल विचारलं. ती आधी लाजली. मग सांगू लागली, की एका सकाळी एवढं धुकं होतं की पेटी दिसेना, ती कुंपणाच्या तारेला हात लावत लावत पोचली. वर पाहिलं तर आकाशच नव्हतं. आठांपैकी किती लिहायचे?

“वहिनीने शिकवलं होतं, आकाशच दिसलं नाही तर नऊ लिहायचे,” ती म्हणाली. “लिहिले. मग तिथेच उभी राहिले बराच वेळ. खाली जावंसंच वाटेना.”

हे तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं. ढगबाई दोघींच्या चपला शोधून बाजूला उभी राहिली आणि ऐकत राहिली.