मुलीला फार्मसीला घालायचं होतं तेव्हा

केजच्या स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, साखरपुडा, कुणाची निवड झाली, कुणाचा दहावा, सगळं संगणकावर मीच जुळवतो. घर त्यावरच चालतं. तरीही मुलगी बारावीला आली तेव्हा मी तिला म्हणालो, "चित्रं छंद म्हणून काढ. फार्मसी कर, मामासारखं मेडिकल टाक." तिलाही मनातून धाकधूक होतीच. मी त्या धाकधुकीला खतपाणी घातलं. तिनं चित्रांचे कागद गुंडाळून कपाटावर टाकले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची आता लाज वाटते.

निरोप समारंभाचा बॅनर न्यायला तिचे चित्रकलेचे सर आले.

"भाऊ, पोरगी माझ्याकडं काहून येईना?"

"सर, पोटाचं बघावं लागतं."

सरांनी दुकानभर नजर फिरवली. "मग तुमी हितं काय गोळ्या विकता?"

आत बसलेली मुलगी खुदकन हसली. मी मात्र छपाईच्या यंत्राकडं वळलो.

"पण चित्रकलेत नोकरी पक्की हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. खोटं कशाला सांगू? आता ॲनिमेशनच घ्या, त्यात बरंचसं काम प्रकल्पापुरतं असतं. एक संपला की दुसरा हुडकायचा. सुरुवातीला पगारही बेताचा. पण उपयोजित कला शिकली तर एकाच दारात उभं राहावं लागत न्हाई. जाहिरात, पुस्तकं, मालाची वेष्टनं, मोबाइलवरची ॲपं, कुणीतरी काढतंच ना ते? सरकारी कॉलेजात नंबर लागला तर फीही झेपंल."

"त्यापेक्षा तुमच्यासारखं मास्तर झाली तर?"

"माझ्यासारखं? चित्रकला माझ्याकडं, कवायत माझ्याकडं, आन् भरती कधी निघंल ते देवाला ठाऊक."

मग त्यांनी मुलीला कागद आणायला लावले. चाळता चाळता म्हणाले, "फोटोवरून उतरवलेले देव लई झाले. कलेच्या प्रवेशाला सीईटी असती, तिथं समोर वस्तू मांडून ठेवतात, आन् स्मरणचित्रात आठवणीनं माणसं काढायची असतात. जित्ती माणसं बघ. हालणारी, वाकणारी."

सर गेल्यावर मी म्हणालो, "दोन्ही सीईटी दे, फार्मसीची आन् कलेची."

"आन् दोन्हीकडं नंबर लागला तर, पप्पा?"

हा प्रश्न मी टाळत आलो होतो. ओठांवर आलेला 'फार्मसी' हा शब्द मागं घेतला. "तुला पाहिजे तिकडं जा. घाबरलीस तरी जा. मीही घाबरलेलाच हाय."

तिनं कोरा कागद आणि पेन्सिल घेतली. मग स्टूल पुढं ओढलं. "बसा. हालू नका."

"आत्ता? गिऱ्हाईक येईल."

"येऊ द्या, त्यालाबी काढते."

मी बसलो. थोड्या वेळानं हळूच म्हणालो, "पोट जरा कमी दाखव."

"सरांनी सांगितलंय, दिसतं तसंच काढायचं. श्वास सोडा, पप्पा."