चार बोल्टांचा बोर्ड

रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा माझं पत्र्याचं दुकान अर्ध्या तासात गेलं. चाकणच्या एका कंपनीत मी आठ वर्षं मोटर वाइंडिंगच्या लाइनवर होते. ती नोकरी सुटल्यावर मिक्सर आणि शेगड्या दुरुस्त करायला लागले, घर त्याच्यावरच चालायचं. त्यामुळे रडायला फारसा वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि गाळा शोधायला लागले.

रावेतला एक मिळाला. मालक मूळ गावातले, सत्तरीचे, त्याच इमारतीत वर राहणारे. मी आधी कराची पावती बघितली, तिच्यावर बिगरनिवासी वापर लिहिलेला होता. विजेचा मीटरही दुकानाचाच होता. सगळं चोख. फक्त गाळ्याच्या कपाळावर दहा फुटांचा बोर्ड होता आणि त्यावर एक पांढराशुभ्र दात हसत होता.

"काका, हा कोणाचा?"

"दाताच्या डॉक्टरांचा. ते गेले. दोन गल्ल्या सोडून नवा दवाखाना घातलाय."

"मग बोर्ड कधी जाणार?"

"ते न्हाई सांगता येत."

"मग माझा कुठे लावायचा?"

काकांनी मान वर करून खरोखर विचार केला. "शटरवर रंगवा की. मोठं शटर हाय."

"काका, दुकान उघडलं की शटर वर गुंडाळतं."

"व्हय."

"म्हणजे दुकान बंद असतानाच बोर्ड दिसणार."

"मग काय झालं? लोकांना कळंल की हितं दुकान हाय, पन आत्ता बंद हाय."

गाळा चांगला होता, समोर गाड्या लावायला जागा होती. मी वर चहाला गेले.

वर काकूंनी दुसराच विषय काढला. दुपारी जेवण झालं की त्या झोपायच्या, आणि झोपायची खोली नेमकी गाळ्याच्या वर. "दुरुस्ती करा, माझी ना न्हाई. पन मिक्सर चालू करायचा न्हाई."

"काकू, चालू केल्याशिवाय दुरुस्त झाला हे कसं कळणार?"

"गिऱ्हाईक घरी नेऊन चालू करंल की."

करार लिहून देणारा एजंट तिथेच लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने वापराच्या रकान्यात शांतपणे टाइप केलं, 'मिक्सर दुरुस्ती, मिक्सर चालू न करता.' मी ते खोडायला लावलं. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर मजकूर ठरला: घरगुती उपकरणांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री, दुपारी एक ते चार मोटर चालवून बघायची नाही. विक्री हा शब्द मी हट्टाने घालून घेतला. एरवी ब्लेड विकलं की कराराबाहेर काम केलं, असं उद्या कोणीही म्हणू शकलं असतं.

मग डिपॉझिट. सहा महिन्यांचं मागत होते, तीनवर आले. मी विचारलं, "गाळा सोडल्यावर किती दिवसांत परत देणार?"

काकांचा चेहरा उतरला. "अजून आला न्हाईत, तवर जायची भाषा?"

"जाणार म्हणून नाही काका, कागदावर असावं म्हणून."

"आमी काय पळून जाणार हाय? आमी हितंच जन्मलो."

ते खरंच दुखावले होते. मलाही वाईट वाटलं, पण मी हटले नाही. शेवटी ठरलं ते असं: किल्ली दिल्यापासून पंधरा दिवसांत, बिनव्याजी. कापायचं ते फक्त थकलेलं वीजबिल आणि मोडतोडीपुरतं. रंग उडाला, फरशी झिजली, तर ती मोडतोड नाही.

करार नोंदवायला एजंटाने अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. माझा अंगठा लागला. काकांचा लागेना. आयुष्यभर शेती केलेला हात, त्यावर रेघ उरली नव्हती. पुसला, धुतला, तेल लावलं, पुन्हा पुसला. यंत्र दरवेळी लाल. ज्या माणसाला अख्खं गाव ओळखत होतं, तो हाच माणूस आहे यावर ते यंत्र विश्वास ठेवायला तयार नव्हतं. काका यंत्राला म्हणाले, "अरं, मीच हाय." दुसरं यंत्र आणायला एजंटाने दोन दिवस मागितले.

त्या दोन दिवसांत मी डॉक्टरांकडे गेले. पन्नाशीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. मला वाटलं, बोर्ड राहू द्यावा म्हणून ते काकांना काही देत असतील.

"छे हो ताई," ते म्हणाले. "माझं डिपॉझिट अडकलंय त्यांच्याकडे. ते दिल्याशिवाय मी बोर्ड काढणार नाही."

मी तशीच काकांकडे. ते म्हणाले, "बोर्ड काढल्याशिवाय मी डिपॉझिट देणार न्हाई."

"किती दिवस झाले?"

"पाच महिने."

पाच महिने दोन शहाण्या माणसांनी एक दात असा टांगून ठेवला होता. मी काकांना सांगितलं, दर्शनी भाग मोकळा झाल्याशिवाय माझा चेक मिळणार नाही. करारात तसं कलमही घालायला लावलं: शटरच्या वरची पूर्ण रुंदी माझ्या बोर्डासाठी, बोर्डाचा महापालिकेचा परवाना मी काढणार, त्यासाठी ना-हरकत पत्र मालक देणार. मग दोघांनाही एकाच वेळी गाळ्यासमोर बोलावलं.

डॉक्टर सुतार आणि शिडी घेऊन आले. काका मोबाइल घेऊन. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि प्रश्न जिथे होता तिथेच आला: आधी कोण? बोर्डाला चार बोल्ट होते. वैतागून मीच म्हणाले, "एक बोल्ट काढा, चौथा हिस्सा पाठवा. मग दुसरा." मी चेष्टेने म्हटलं होतं. दोघांना ते फार न्याय्य वाटलं.

पहिला बोल्ट निघाला. काकांनी चष्मा वर करून पैसे पाठवले. डॉक्टरांच्या मोबाइलवर घंटी वाजली, त्यांनी सुताराला मान हलवली. दुसरा. पुन्हा घंटी. रस्त्यावर पंधरावीस माणसं जमली. कुठल्याशा कंपनीची बस थांबली होती, तिच्या खिडक्यांतूनही माणसं बघत होती. तिसरा बोल्ट निघाला, घंटी वाजली आणि बोर्ड एका बाजूने खाली झुकला. चौथ्यावर सुताराने पाना लावला तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. ह्ये काय म्हणतंय बघा ताई."

मी बघितलं. आजची मर्यादा संपली होती. सकाळी त्यांनी ट्रॅक्टरच्या टायरचे पैसे पाठवले होते.

"उद्या पाठवतो डॉक्टर."

"मग उद्या काढतो काका."

"डॉक्टर, रात्रीत कोणाच्या डोक्यात पडला तर?" मी ओरडले. डॉक्टरांनी विचार केला आणि सुताराला बोर्ड दोरीने खिडकीच्या गजाला बांधायला लावला. ती खिडकी काकूंच्या खोलीची. काकू गजाआडून म्हणाल्या, "आता ह्यो दात माझ्या उशाशी?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चौथी घंटी वाजली आणि दात खाली आला. डॉक्टर आणि काका यांनी समोरच्या टपरीवर एकत्र चहा घेतला, जणू काही झालंच नव्हतं. मला मात्र कोणी चहा विचारला नाही. संध्याकाळी नव्या यंत्राने काकांना पाचव्या खेपेला ओळखलं, करार नोंदला गेला आणि मी चेक दिला.

परवाना हातात यायला तीन आठवडे लागले. तोवर मी बोर्डाशिवायच बसले, आणि त्या मोकळ्या कपाळाखाली रोज कोणी ना कोणी गालाला हात लावून यायचं. मी त्यांना दोन गल्ल्या पलीकडचा रस्ता दाखवायचे. एक बाई दाढ दाखवून परत जाताना विचारून गेल्या, कुकरची शिट्टी बसवून देता का. त्या माझ्या रावेतमधल्या पहिल्या गिऱ्हाईक.

बोर्ड लागला त्या दिवशी मी रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले. देवनागरीत मोठी निळी अक्षरं, दुकान उघडं असतानाही दिसणारी. बराच वेळ वाचत राहिले. मग आत जाऊन एका आजींचा मिक्सर उघडला. चार वाजून गेले होते.