वीस सेकंदांचा काळोख

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्यांवर डोळे फोडून आलेल्या बाईने घरी पुन्हा पडद्याला डोळे लावावेत, हे तिच्या नवऱ्याला कधीच पटलं नाही. पण नाद म्हणजे नाद. गच्चीवर छोटी दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा आणि जिन्यावरून खाली लॅपटॉपपर्यंत आणलेली वायर. दर वीस सेकंदांनी एक फोटो. एकट्या फोटोत चार तारे आणि नुसती दाणेदार कचकच. शेकडो फोटो तारे जुळवून एकावर एक रचले, की कचकच विरते आणि तेजोमेघाचा लालसर धूर वर येतो. बिघडलेला फोटो लॅपटॉपवरचा प्रोग्राम आपणहून बाजूला टाकतो.

"अजून किती ढीग रचणार?" नवऱ्याने विचारलं.

"दोनशे बारा झालेत. मध्ये बोलू नकोस."

आकडा तिथेच अडला. नाकारलेले मात्र एक, दोन, तीन. ढग आला वाटतं, म्हणून ती वैतागली. तेवढ्यात नवरा आतल्या खोलीतून धावत आला.

"अगं, बाबा अंथरुणात नाहीत!"

तिच्या वडिलांना वर्षभरापासून घर, दिवस, काही लक्षात राहत नव्हतं. बाहेरच्या दाराला कुलूप होतं. तिने नाकारलेले फोटो उघडले. ढग असता तर रस्त्यावरच्या दिव्यांनी फोटो पांढुरका झाला असता. हे तर काळेकुट्ट होते. दुर्बिणीच्या तोंडाशीच कोणीतरी उभं होतं. आणि दुर्बीण रोखलेली होती कठड्याच्या त्या बाजूला, जिथला भाग दुरुस्तीसाठी पाडून नुसती दोरी बांधली होती. वायर चेपू नये म्हणून गच्चीचं दार तिनेच कडी न लावता नुसतं लोटून ठेवलं होतं.

हाक मारली तर ते दचकतील. तिने नवऱ्याला लॅपटॉपपुढे बसवलं, फोन कानाला लावला आणि अनवाणी जिना चढू लागली.

"काळा," नवरा फोनवर कुजबुजला. म्हणजे बाबा अजून दुर्बिणीपुढेच आहेत. एक फोटो पुरा व्हायला इतका वेळ लागतो? "काळाच आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिला तारे नको होते.

ती शेवटच्या पायरीवर होती.

"तारे आले," नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

दार ढकलायची तिची हिंमत होईना. मग तिने ढकललं. बाबा दोरीखाली बसले होते, पाय बाहेर सोडून.

ती पावलं न वाजवता गेली आणि मागून दोन्ही काखांत हात घालून त्यांना घट्ट धरलं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"बाई, तुम्ही कोण?"

"शेजारची," ती म्हणाली. "चला, आत चहा ठेवलाय."

"शेजारची का? मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पाय आत घेतले.