इंदुताईची जेवणाची गोळी

डायलिसिसच्या हॉलमध्ये माझ्या बाजूच्या बेडवर इंदुताई असते. मौद्याजवळच्या खेड्यातून येते. नवरा नत्थूजी तिले आणते, नेते. गावात त्याची दळणाची चक्की आहे अन् थोडी शेती. माणूस भला, पण घड्याळाचा गुलाम. एक वाजला की चक्की बंद अन् ताटावर. पाच मिनिटं उशीर झाला तर भुकेनं जीव कासावीस होते म्हणे त्याचा.

मी माया. राहणार नागपूरचीच, सक्करदऱ्याची. माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या हॉलले माहीत आहे. चार-चार तास हाताले सुया टोचून पडून राहायचं, मग जीभ तरी चालवू नये का माणसानं? पण इंदुताई बोलत नाही. ती खाजवते. पाठ, पोटऱ्या, दंड. खाजवून खाजवून कातडीवरचे ओरखडे काळे पडले होते बाईचे. रात्रभर डोळ्याले डोळा नाही. मशीन लागली की थकून जराशी झोपे, अन् खाजेनंच दचकून उठे.

खाज काहून, तर फॉस्फरस. आमच्या किडन्या गेल्या, त्यामुळं जेवणातलं फॉस्फरस लघवीवाटे निघत नाही, रक्तात साचते. मशीन थोडंफार काढते, पण सारं नाही. बाकीच्यासाठी आम्हाले गोळ्या आहेत, मोठ्या मोठ्या, घशातून उतरता उतरत नाहीत. तरी इंदुताई एकही चुकवत नव्हती. दूध सोडलं, दही सोडलं, शेंगदाणे सोडले. नागपुरी जिभेनं शेंगदाण्याची चटणी सोडणं म्हणजे काय ते मले विचारा! अन् तरी दर महिन्याचा रिपोर्ट वरच.

त्या महिन्यात डॉक्टर तिच्या बेडपाशी थांबले. म्हणाले, "काकू, खरं सांगा. चोरून काय खाता? गोळ्या घेऊन फॉस्फरस इतकं राहत नाही." मग नत्थूजीले समजावलं, की मानेतल्या बारीक ग्रंथी खवळल्या आहेत, हाडातलं कॅल्शियम ओढून राहिल्या आहेत. पुढच्या रिपोर्टात उतरलं नाही तर मानेचं ऑपरेशन करावं लागेल.

ऑपरेशनचं नाव ऐकून इंदुताईचा चेहराच उतरला. पण तिले लागलं ते दुसरंच.

डॉक्टर गेल्यावर नत्थूजी हळूच म्हणाला, "खरंच खातं का वं काही? मी रागावणार नाही."

"मी चोर नोहो," ती म्हणाली. एवढंच. मग तोंड भिंतीकडे केलं.

मले असा राग आला! पण कोणाचा करावा? बिचाऱ्या नत्थूजीचाही जीव टांगणीले लागला होता. दुसऱ्या खेपेले त्यानं मलेच बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं, मशीन लागायच्या आधी. "मायाबाई, मी घरचे डबे पाहून राहिलो. शेंगदाण्याचा डबा मापून ठेवतो. तिथं काहीच कमी होत नाही. मग हे होते काहून?" त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मीही थकलेली, काय सांगणार? बसा म्हटलं भाऊजी, देवाची मर्जी. असं काहीतरी बोलून आत गेली. देवाचं नाव आपण तेव्हाच घेतो जेव्हा डोकं चालत नाही.

त्याच दिवशी दुपारी एक वाजता नत्थूजी खालच्या कँटिनमधून जेवून, ढेकर देत वर आला. शर्टाच्या खिशातून गोळ्या काढल्या. "घे वं, जेवण झालं." पाण्याचा घोट दिला, तिनं गिळल्या. डबा तसाच बंद, उशाशी. मशीनवर जेवलं की तिचं बीपी पडते, म्हणून ती चार वाजता सुटल्यावर जेवते. हे मी कित्येकदा पाहिलं होतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, डोक्यात खटकलं.

"इंदुताई, तू जेवली का?"

"नाही. चार वाजता."

"मग गोळी काहून घेतली?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जशी मीच येडी आहे. "ह्यायचं जेवण झालं नं."

"अन् घरी?"

"घरीही तसंच. हे जेवले की आठवणीनं देतात. मग भांडी, गाईचं पाणी, ह्यायची थोडी झोप. मग मी बसतो तीन वाजता. रात्रीही मागूनच."

अगं बाई! मी अशी ओरडली, साऱ्या हॉलनं ऐकलं. आहाराचं पाहणारी गार्गी पळतच आली, तिले वाटलं माझी सुईच निघाली.

गार्गीनं ऐकलं अन् कपाळाले हात लावला. "काका, ही गोळी रक्तात जातच नाही. ती आतड्यातच राहते. अन्नासोबत असली तर अन्नातलं फॉस्फरस तिथंच धरून ठेवते आणि संडासवाटे बाहेर नेते. काकूंच्या पोटात अन्नच नव्हतं, तर ती धरणार काय? गोळी तशीच पुढं निघून गेली. दोन तासांनी काकू जेवल्या, तेव्हा फॉस्फरसला रस्ता मोकळा."

"मग ते रक्तात गेल्यावर गोळी घेतली तर?" मी विचारलं.

"उपयोग नाही. एकदा रक्तात गेलं की या गोळीच्या हातात काही नाही. घासासोबतच घ्यायची. जेवण नाही तर ती गोळीही नाही."

नत्थूजीनं उशाचा बंद डबा उचलून हातात घेतला. मग बोलला, "म्हणजे मी चाळणी आधी फिरवली, अन् पीठ मागून टाकलं."

"तसंच," गार्गी म्हणाली.

"अन् चोर हिले म्हटलं." तो म्हणाला. इंदुताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. रडतही नव्हती. थकलेल्या माणसाले रडायलेही जोर लागते.

वाटलं होतं, आता सोपं आहे. कुठचं सोपं! घरी गेल्यावर नवऱ्यासमोर बसून घास घेणं तिले जमेना. संसारात कधी केलंच नाही ते. घास तोंडाशी नेला की हात थांबे, ह्यायले वाढायचं राहिलं, पाणी द्यायचं राहिलं. गोळी ताटाजवळ तशीच. शेवटी नत्थूजी आपलं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. म्हणाला, "मी पाहत नाही. तू जेव. मले काही लागलं तर मीच उठतो." हे तिनंच मले सांगितलं, अन् सांगताना पदर तोंडाले लावला.

पुढचा रिपोर्ट आला. एकदम सारं नीट झालं असं नाही, पण फॉस्फरस चांगलंच उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं आता नको, असंच चालू द्या. चोरीचं ते काही बोलले नाहीत. मी घसा खाकरला मुद्दाम, पण ते पुढच्या बेडकडे गेले.

"झालं नं मनासारखं?" मी इंदुताईले चिडवलं. "आता झोप येते का?"

"येते वं थोडी." ती छताकडे पाहत होती. "माया, इतकी वर्षं गरम पोळी मीच करतो. पण गरम पोळी कशी लागते, हे मले या महिन्यात समजलं."



त्या दिवशी एक वाजून गेला. नत्थूजी वर आला नाही. दोन वाजले, तीन झाले. मले वाटलं, बाहेर कुठं झोपला असेल. चार वाजता आमच्या मशिनी बंद झाल्या. मी हात दाबत बाहेर आली, तर तो पॅसेजमधल्या बाकावर बसून होता. मांडीवर डबा, गोळ्या खिशात. तोंड सुकलेलं.

"भाऊजी, जेवले नाही?"

"तिले सुटू द्या," तो म्हणाला, अन् बाकावर थोडा सरकून त्यानं तिच्यासाठी जागा केली.