संध्याकाळपर्यंत होऊन जाईल

जबलपूरमधल्या आमच्या गोरखपूर बाजारातल्या दुचाकी सर्व्हिस सेंटरची मॅनेजर मी. काउंटरवर गाड्या घेणारी एक मुलगी होती, घमापूरची, घरी माझ्यासारखंच नागपुरी मराठी बोलणारी. कामाला वाघीण, पण कबूल केलेल्या वेळेला गाडी देईल तर शपथ! तक्रारींनी डोकं उठलं होतं. हेड ऑफिसच्या एचआरवाल्यांनी फोनवर सांगितलं, "तिला कामगिरी सुधारणा योजना लावा, दोन महिन्यांत तिला काढून टाकू."

मी भडकलेच. काढायचंच असेल तर योजनेचं नाटक कशाला?

योजना मीच लिहिली. दहापैकी नऊ गाड्या दिलेल्या वेळेत. दर दुसऱ्या सोमवारी आढावा, तारखा आधीच ठरलेल्या. जमलं नाही तर नोकरी जाणार, हेही स्पष्ट. आणि आमच्याकडून मदत म्हणून दर शुक्रवारी अर्धा तास मी तिच्यासोबत बसणार. दोघींनी सह्या केल्या.

पहिल्या आढाव्याला दहात सहाच. मग एक सकाळ मी काउंटरमागेच ठिय्या दिला आणि सगळा घोळ कळला. गिऱ्हाईक म्हणे, "दीदी, शाम तक हो जाएगी ना?" की ही हसून, "हो जाएगी भैया!" वर्कशॉपमध्ये विचारायचं नावच नाही.

"अगं, काहून हो म्हणून राहिली सगळ्यांना?"

"मॅडम, नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटते ना."

वाईट वाटते म्हणे! आपल्या जबलपूरची ही गोड जीभच घात करते. योजनेत आम्ही एक मदत वाढवली: आधी वर्कशॉपच्या मिस्त्रीला विचारायचं, तोवर गिऱ्हाइकाला चहा, मग वेळ सांगायची. मिस्त्रीलाही बजावलं, विचारायला आली की हिच्यावर खेकसायचं नाही.

दुसऱ्या आढाव्याला आठ. तिसऱ्याला नऊ. शेवटच्याला एचआरवाले स्वतः आले. आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, नऊच. मग म्हणाले, "ठीक है, पण हिचं बिलिंग कमी आहे. योजना महिनाभर वाढवू."

"बिलिंग योजनेत लिहिलंय का?" मी विचारलं. "नाही ना? मग आता मध्येच कुठून आणता? जे लिहिलं, ते तिने केलं. आज योजना बंद करा."

शेवटी त्यांनी योजना यशस्वी झाल्याच्या शेऱ्याखाली सही केली आणि जाता जाता तिला विचारलं, "इतने दिन ये क्यों नहीं किया?"

ती त्यांच्याकडे बघत सरळ म्हणाली, "सर, मला वाटत होतं, गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर नोकरी जाईल."

माझा ऊर अभिमानाने असा भरून आला, की काय सांगू! साहेबासमोर मान वर करून बोलणारी ही माझी पोरगी होती.