टेकूचं भाडं

घण्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजराने नव्हे. गजर वाजून वाजून शेजारचे उठायचे, घण्या नाही. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याचा अंगठा धरून हलवायच्या, मग तो उठायचा आणि म्हणायचा, "आज गजर वाजलाच नाही." वहिनींनी उत्तर देणं कधीच सोडून दिलं होतं.

आम्ही एकाच टोळीत पाडकाम केलं. जुनी इमारत उतरवायची, वरून खाली, मजला मजला. लोकांना वाटतं पाडणं सोपं. कुणीही घण उचलतो आणि खांद्याने मारत सुटतो. अर्ध्या तासात खांदा जातो आणि भिंत तशीच उभी. घण कमरेतून यायला लागतो. घण्याचा कमरेतून यायचा, म्हणून त्याचं हे नाव. पुढे काँक्रीट फोडणारं ब्रेकर यंत्र आलं. घण्याने तेही हातात धरलं आणि कानाला काही न लावता वर्षानुवर्षं चालवलं. मुकादम कानांत घालायला बोळे द्यायचा. घण्या ते खिशात ठेवायचा. खिशाला काही झालं नाही, कान गेले.

मी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. घण्याने सोडलं नाही. मग एका दुपारी भिंत सोडायची शिट्टी झाली, सगळे मागे सरले आणि हा तिथेच वाकून तारा गोळा करत राहिला. दोघांनी धावत जाऊन त्याला ओढला. भिंत त्याच्या चपलेवर पडली. पाय आत नव्हता, एवढंच.

ठेकेदार माणूस बरा. तो म्हणाला, "काढत नाही तुला. गेटवर उभा राहा. गाड्या थांबव, माणसं अडव, शिट्टी मार. पण आतली शिट्टी तुला ऐकू आली पाहिजे. एक तारखेपर्यंत कानाचं बघ. नाहीतर घरी बस."

घण्या कानाच्या दुकानात जाऊन आला. दोन कानांची दोन यंत्रं. किंमत ऐकली तेव्हा म्हणे त्याला पहिल्यांदाच सगळं स्पष्ट ऐकू आलं.

घरात साठलेलं असं एकच होतं, बँकेतली मुदत ठेव. पाच वर्षांची. यंत्रांची किंमत त्या ठेवीच्या साधारण तिसरा हिस्सा. ती ठेव कशासाठी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी शिवणकाम करतात, स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यांना मागच्या भिंतीत मोठी खिडकी हवी होती. भिंत भार घेणारी, वर दुसऱ्याचं बिऱ्हाड. लोखंडी तुळई घालावी लागणार, परवानगी, माल, सगळं आलं. उभ्या गावाच्या भिंती फोडणाऱ्याच्या घरात खिडकी नाही, असं वहिनी येईल त्याला सांगायच्या.

घण्या माझ्याकडे आला. "बँकेत चल. ठेव मोडायची आहे."

"वहिनींना विचारलंस?"

"हो, आठ वाजले असतील," तो म्हणाला. हा ऐकू न आल्याचा प्रकार होता की ऐकू आल्याचा, मला आजही सांगता येणार नाही.

बँकेत ठेवींच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. घण्याने पावती पुढे सरकवली. "मोडा."

मॅडमनी पावती वाचली. "काका, मुदत संपायला सातच महिने राहिलेत."

"मदत नको," घण्या म्हणाला. "माझे पैसे आहेत. मदत कशाला?"

"मुदत!" मी त्याच्या कानात ओरडलो. मागच्या रांगेतले चार जण वळले.

"आत्ता मोडली तर नुकसान आहे," मॅडम म्हणाल्या. "जितके दिवस ठेवलीत तितक्या मुदतीचा दर लागेल आणि दंड म्हणून त्यातूनही एक टक्का कमी. त्यापेक्षा हीच पावती तारण ठेवा ना."

"कारण?" घण्याने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. "कारण हे. दोन्ही गेले."

मॅडमनी ओठ दाबले. मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज चढवला. "तारण! ठेव मोडायची नाही. ती ठेवून आम्ही कर्ज देतो. नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं."

"नव्वद टक्क्यांपर्यंत!" मी ओरडलो.

"घ्या की मग!" रांगेतून एक म्हातारा म्हणाला. "आम्हाला कुणी विचारत नाही."

कर्ज हा शब्द मात्र घण्याला पहिल्या फटक्यात ऐकू आला. त्याचा चेहराच उतरला. हा माणूस कधी कुणाकडे उसने पैसे मागायला गेला नव्हता. डब्यात मीठ कमी असलं तरी दुसऱ्याच्या डब्यातलं घेणार नाही.

"कर्ज नाही घेत मी."

"तुमच्याच पैशांवर आहे, काका. ठेवीवर तुमचं व्याज चालूच राहील. कर्जावर त्याहून एक टक्का जास्त."

"म्हणजे माझ्याच पैशांसाठी मी तुम्हाला व्याज द्यायचं? ही कुठली रीत? मोडा म्हटलं ना."

मॅडमनी पावती उलटी केली आणि परत सुलटी केली. "मोडता तरी कुठे येते आज? ठेव दोघांच्या नावावर आहे. मोडायला दोघांच्या सह्या लागतात. काकू कुठे आहेत?"

हेही त्याला ऐकू आलं. तो पावती घडी करून उठला.

घराशी आल्यावर म्हणाला, "तू पण आत ये." म्हणजे वहिनींच्या तोंडी एकट्याने जायचं नव्हतं.

वहिनी शिवण यंत्रावर होत्या, दिवा लावून. सगळं मीच सांगितलं. त्या पाय चालवत ऐकत होत्या. शिवण संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग दोरा तोडला.

"मला न सांगता खिडकी मोडायला निघालात?"

"खिडकी कुठे आहे अजून?" घण्या म्हणाला.

"तेच म्हणते मी!"

मी दाराकडे पाहिलं. घण्याने माझी बाही धरली.

"अगं, एक तारखेला काम जाईल. मग खिडकीत बसून काय करू? आणि उरलेले पैसे परत ठेवीन की."

"मोडलेले पैसे कुणाच्या घरात टिकलेत? भाजी आणायला गेलात तरी सुटे परत येत नाहीत. त्या बाई काय म्हणतात ते ऐकलंत तरी का नीट?"

"कर्ज म्हणतात. माझ्या पैशांवर मलाच व्याज. मला वेडा समजतात."

वहिनी उठल्या. मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर हाताने दोनदा थापटलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "या भिंतीत खिडकी काढायची तर काय करणार? भिंत पाडणार?"

"वेडी आहेस का? वरचं घर खाली येईल."

"मग?"

"टेकू लावायचे. भार टेकूंवर घ्यायचा, भोक पाडायचं, तुळई सरकवायची. सिमेंटचा माल घट्ट झाला की टेकू काढायचे."

"टेकू आपले असतात?"

"भाड्याने आणतात."

"भाडं का देता? भिंत तर तुमचीच."

घण्याने खिशातली पावती चाचपली.

"किती दिवसांचं देता?"

"जितके दिवस उभे तितक्यांचं."

"बघा," वहिनी म्हणाल्या आणि परत यंत्रावर बसल्या. "भिंत न पाडता काम होत असेल तर टेकूचं भाडं द्यायला रडू नये. इतकं मला कळतं. मी तर घण कधी हातातही धरला नाही."

घण्या भिंतीकडे बघत राहिला. भिंत कशी उतरेल हे बघायचा तसाच, खालून वर. मग मला म्हणाला, "उद्या सकाळी बँक किती वाजता उघडते?"

"आणि मी पण येणार," वहिनी म्हणाल्या. "सही माझीही आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. घण्याने बसायच्या आधीच विचारलं, "बाई, भाडं रोजचं ना?"

मॅडम गोंधळल्या. "भाडं?"

"व्याज हो," वहिनी म्हणाल्या.

"हो हो," मॅडम आवाज चढवून म्हणाल्या. "जितकी रक्कम उचलाल तितक्यावरच, रोजच्या हिशेबाने. जमेल तसे परत भरा, तितकं व्याज कमी होत जाईल. सात महिन्यांत नाही फिटलं, तर मुदत संपल्यावर ठेवीतून वळतं करून बाकीचे तुम्हाला देऊ. तोपर्यंत पावती आमच्याकडे."

"आणि ठेव?" घण्याने विचारलं.

"उभी."

हा शब्द त्याला आवडला. दोघांनी अर्जावर आणि पावतीच्या मागे सह्या केल्या. वहिनींची सही पटकन झाली. घण्याची घणासारखी, आधी कमरेतून तयारी, मग एक घाव. ठेवीवर तारणाची नोंद झाली आणि यंत्रांपुरती रक्कम, एक पैसा जास्त नाही, दुपारच्या आत खात्यात आली. मॅडम म्हणाल्या, "अजून मिळू शकतात, काका." घण्या म्हणाला, "गरजेपेक्षा जास्त टेकू लावणारा कारागीर नव्हे."

एक तारखेला तो गेटवर उभा होता, दोन्ही कानांत यंत्रं घालून. ठेकेदाराने मागून हळूच त्याचं नाव घेतलं. घण्या न वळता म्हणाला, "ओरडतोस कशाला?"

गेटवर उभं राहणं त्याला काम वाटत नव्हतं. घाम नाही तर मजुरी कसली, म्हणायचा. पण हजेरी एक चुकवली नाही. पगार झाला की घरी जायच्या आधी बँकेत जायचा आणि जमेल तेवढं भरायचा. एका महिन्यात वहिनींनी चार कपडे जास्त शिवले आणि तेही भरले. सहाव्या महिन्यात कर्ज फिटलं. मॅडमनी तारणाची नोंद काढून पावती परत दिली. घण्याने ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली, कुठे तडा गेलाय का म्हणून.

मुदत भरली. ठेव पूर्ण व्याजासकट हातात आली. परवानगी तोवर आली होती. टेकू आणले, मी आणि घण्याने मिळून लावले. कितीतरी दिवसांनी त्याने घण उचलला. कानातली यंत्रं आधी काढून डब्यात ठेवली आणि मुकादमाने कधीकाळी दिलेले ते बोळे खिशातून काढून कानांत घातले. मी हसलो, तर म्हणाला, "आता पैसे पडलेत ना कानांना." तुळई बसली. माल पक्का होईपर्यंत टेकूंना त्याने कुणाला हात लावू दिला नाही, आणि झाल्यावर एक दिवस जास्त उभे ठेवू दिले नाहीत.

वहिनी आता दुपारी दिवा लावत नाहीत. खिडकी मोठी आहे, मागच्या रस्त्यावर उघडते. समोर पत्र्याचं काम करणाऱ्याचं दुकान आहे, दिवसभर ठोकाठोक. घण्या कामावरून येतो, खिडकीशी खुर्ची ओढतो, कानातली यंत्रं काढून डब्यात ठेवतो आणि मग निवांत बसतो.