पारड्याखालचं बोट

महेंद्र तांबे सरांच्या वर्गात सातवीचं बीजगणित फळ्यावर सुरू होत नसे, ते तागडीवर सुरू होत असे. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, नदीपलीकडच्या गावातली ही शाळा. सरांनी सुताराकडून सागाची दांडी करून घेतली होती, तिला दोन बाजूंना सारख्या ताटल्या टांगल्या होत्या, आणि मोजायला आधी काजूबिया घेतल्या होत्या. पण एक बी काही दुसऱ्या बीसारखी नसते. एक टपोरी, एक पोचट, आणि तागडी खोटं बोलायला लागली. मग सरांनी देवरुखच्या दुकानातून लोखंडी वायसर, नट-बोल्टाखाली घालतात त्या भोकाच्या चकत्या, आणले, सगळे एका मापाचे. बायको सीता म्हणाली, "घरच्या नळाचा वायसर वर्षभर गळतोय, तो नाही आणलात!" सर हसले आणि नळ गळतच राहिला.

खेळ असा. लग्नातल्या आइस्क्रीमचे झाकणवाले कप. ज्याचा डाव, त्यानं सगळ्यांच्या नकळत प्रत्येक कपात सारखेच वायसर भरायचे, आणि कप व सुटे वायसर दोन्ही पारड्यांत असे मांडायचे की दांडी सरळ राहील. बाकीच्यांनी कप न उघडता आतला आकडा शोधायचा. कपालाही वजन असतं, म्हणून एका बाजूला जितके कप जास्त, तितके रिकामे कप दुसऱ्या बाजूला. त्यांच्या झाकणावर खडूची फुली. आणि नियम एकच, तो सर पोरांकडून रोज वदवून घेत, "या बाजूचं काढलं तर त्या बाजूचंही काढायचं!" शेवटी एका बाजूला एक कप उरला की समोरचे वायसर मोजायचे. मगच झाकण उघडायचं. झाकण उघडताना मोठमोठी पोरंसुद्धा श्वास रोखत, आणि सरांना त्या क्षणासारखं सुख दुसरं नव्हतं.

अलीकडे मात्र सरांचं काहीतरी हरवायला लागलं होतं. आधी चष्मा, मग छत्री; असं सगळ्यांचंच होतं. मग नावं हरवली. एकदा संगमेश्वरला एस.टी. स्टँडवर उभे राहिले आणि कुठे जायचं तेच आठवेना. सीता घाबरली. रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागली.

"अगो, डोकं बिघडलं असतं तर तागडीनं सांगितलं नसतं काय?" सर म्हणाले. "पोरांसमोर रोज डाव सोडवतो. एकदा तरी दांडी वाकडी झाली? ज्या दिवशी तागडी कलंडेल, त्या दिवशी तू म्हणशील तिकडे येतो. वर्गपण सोडतो."

तागडी खरंच कधी कलंडत नव्हती. माणूस स्वतःला किती गोड फसवू शकतो!

तो शुक्रवार होता. सरांनी डाव मांडला. डाव्या पारड्यात तीन कप आणि दोन वायसर. उजव्यात एक कप, दहा वायसर आणि फुलीवाले दोन रिकामे कप. दांडी सरळ. "आता दोन्हीकडचा एकेक भरलेला कप काढतो," म्हणत त्यांनी काढले. मग डावीकडचे दोन वायसर उचलले आणि फळ्याकडे वळले. पाठीमागे खण्णकन आवाज झाला. उजवं पारडं टेबलाला टेकलं होतं.

सर दांडी न्याहाळायला लागले. खिळा हलवून पाहिला, तेल घातलं, ताटलीची दोरी सारखी केली. नाचता येईना अंगण वाकडं, हे ते पोरांना किती वेळा म्हणाले असतील! पोरं खाली माना घालून बसली. शेवटी संदेशला राहवलं नाही. एरवी त्याच्या पोटात काही राहत नाही, हे गावाला ठाऊक; हेच तेवढं इतके दिवस राहिलं होतं.

"सर, तागडीला काय नाय झालेला. आज तेजल नाय ना, म्हणून."

"तेजलचा काय संबंध?" सरांनी टेबलाला लागून असलेल्या तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

संदेशच्या कानशिलावर मागून कुणीतरी चापट मारली. पण बाण सुटला होता.

"तुमी एका बाजूचा काढलंव नि इसरलंव, की ती पारड्याखाली बोट धरता. मंग तुमी फळ्यावर लिवायला वळलंव की ती दुसऱ्या बाजूचा गपचूप काढता. दिवाळीपासना, सर."

सर खुर्चीत बसले. दिवाळीपासून! म्हणजे घरी बायकोला ज्या तागडीचा हवाला देत होते, ती एका पोरीच्या बोटावर उभी होती. आणि सगळा वर्ग ते पाहत होता, आणि कुणी एका शब्दानं चुगली केली नव्हती. सरांना राग यायला हवा होता. आलं ते रडू, आणि ते पोरांसमोर आलं याची लाजही वाटली नाही.

सोमवारी तेजल आली. शुक्रवारी मामाच्या लग्नाला गेली होती, हाताला मेंदी होती. सरांनी तिला जवळ बोलावलं.

"बोट का धरत होतीस गो?"

तेजल रडवेली झाली. पदर नव्हता, म्हणून ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. "सर, तुमीच सांगितलंत ना, एका बाजूचा काढला तर दुसऱ्या बाजूचा काढायचा. कुणी काढायचा ता नाय सांगितलंत. मला वाटला, तुमचा राहिला तर आमी काढला तरी चालंल."

इतकी वर्षं नियम शिकवला, पण त्याचा असा अर्थ त्यांना स्वतःला कधी सुचला नव्हता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चालतं, बाळा. पण यापुढे धरू नको. तागडीला खरं बोलू दे."

सीतेला दिलेला शब्द त्यांनी पाळला. रत्नागिरीला जाऊन आले. डॉक्टर जे म्हणाले ते सीतेनं ऐकलं, सर खिडकीबाहेर बघत होते. सातवीचं गणित शाळेतल्या तरुण मॅडमकडे गेलं आणि सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

निरोपाच्या दिवशी पोरांनी हार नाही आणला. त्यांनी डाव मांडला, सरांसाठी. सर पहिल्यांदाच पोरांच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसले. तागडी स्टुलावर होती. डावीकडे दोन कप आणि तीन वायसर, उजवीकडे नऊ वायसर आणि दोन रिकामे कप. सोपा डाव होता. पोरांनी मुद्दाम सोपा मांडला होता.

सरांनी हात पुढे केला. डावीकडचे तीन वायसर एकेक करून काढले, तळहातावर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

उजवं पारडं खाली गेलं. तेजलनं दोन्ही हात पाठीमागे बांधून धरले होते, सरांनीच बजावलं होतं म्हणून. सर त्या कलंडलेल्या दांडीकडे बराच वेळ पाहत राहिले. रागानं नाही, लाजेनंही नाही. नवीन मूल पहिल्या दिवशी पाहतं तसं. मग त्यांनी तेजलकडे तोंड वर करून विचारलं,

"हे खाली का गेलं गो?"

तेजल सरांच्या शेजारी बसली आणि तिनं त्यांचा हात धरून उजव्या पारड्याकडे नेला.

"सर, या बाजूचा काढला ना," ती म्हणाली, "आता त्या बाजूचापण काढायचा."

"असं होय," सर म्हणाले आणि तिनं दाखवले तेवढे वायसर त्यांनी काढले.